वरच्या मजल्यावरची खुर्ची

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच्या खुर्चीचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणजे येतो, पण किरकोळ येतो. त्या आवाजाचा खरा धनी खाली राहणारा असतो. चाकं फरशीवर फिरली की त्यांचा धक्का थेट स्लॅबला बसतो आणि अख्खा स्लॅब खालच्या खोलीत वाजतो. उलट वरच्या घरात टीव्ही लागला असेल, दोन माणसं बोलत असतील, तर ते खाली जवळजवळ पोचत नाही, कारण हवेतून आलेला आवाज पाच इंची काँक्रीट बऱ्यापैकी अडवतं. म्हणूनच घरात अगदी शांत राहणाऱ्या, गाणी न लावणाऱ्या, पाहुणे न बोलावणाऱ्या भाडेकरूबद्दलही खालच्यांची तक्रार येऊ शकते, आणि त्याला ती सरळसरळ खोटी वाटू शकते.

आमच्या सोसायटीत असंच झालं. मी तिथं सचिव आहे. पुण्यातली जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, बहुतेक सभासद पहिल्यापासूनचे. दुसऱ्या मजल्यावर काकू एकट्या राहतात. त्यांच्या वरचा फ्लॅट मालकांनी लीव्ह अँड लायसनवर दिलेला, अकरा महिन्यांच्या कराराने. गेल्या पावसाळ्यात तिथे आसाममधला एक मुलगा राहायला आला. एकटाच. अमेरिकेतल्या कंपनीसाठी घरूनच काम करणारा.

काकूंनी त्याला चिठ्ठी लिहिली ती मराठीत. त्यांना इंग्रजी वाचता येतं, लिहायची सवय नाही. शिवाय शेजाऱ्याला चिठ्ठी लिहायची त्यांची एक रीत आहे आणि ती मराठीतच चालते. दारात अडकवण्याआधी त्यांनी मला ती दाखवली होती. मजकूर असा:

‘सप्रेम नमस्कार. आपण आमच्या वरच्या मजल्यावर राहावयास आलात, आनंद वाटला. काही लागले सवरले तर संकोच न करता सांगावे. एक लहानशी विनंती. रात्रीच्या वेळी वरून थोडा आवाज येतो. वयोमानाप्रमाणे माझी झोप सावध आहे. तरी कृपया जरा सांभाळून घ्यावे. आपण सुज्ञ आहात. राग नसावा. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.’

आधीच्या कच्च्या मसुद्यात आणखी एक वाक्य होतं: ‘आमची सोसायटी कुटुंबवत्सल आहे.’ ते मी काढायला लावलं. हे वाक्य आपल्याकडे एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना उद्देशूनच वापरतात आणि त्याचा अर्थ ‘तुम्ही इथले नव्हेत’ एवढाच असतो. आवाज कुटुंबवाल्यांच्या घरातूनही येतो. तक्रार आवाजाची असेल तर कागदावर आवाजच असावा. तो मुलगा कुठला, लग्न झालंय की नाही, रात्री जागतो का, हे त्यात आलं की पुढचं सगळं बोलणं त्या वाटेला जातं आणि खुर्ची जागच्या जागी राहते.

तर ही चिठ्ठी गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा काकूंच्या दारात उभा. हातात घरून आणलेल्या चहाचं पाकीट. ‘आंटी, थँक यू’ म्हणाला, वाकून नमस्कार केला आणि वर गेला. काकूंना वाटलं, समजूतदार आहे, झालं काम. त्या रात्री खुर्ची पुन्हा सुरू.

काय झालं होतं ते नंतर कळलं. त्याने चिठ्ठीचा फोटो काढून ऑफिसातल्या एका मराठी मित्राला पाठवला होता. मित्राने घाईत वाचलं आणि सांगितलं, ‘खालच्या आंटी वेलकम म्हणतायत, काही लागलं तर सांग म्हणतायत.’ मित्राला दोष द्यावा असं मला वाटत नाही. सबंध चिठ्ठीत आवाजाच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं, त्यातही ‘थोडा’ आवाज, आणि तोही कसला, किती वाजता, कुठून, काहीच नाही. आपल्या रीतीने वाढलेल्या माणसाला ‘आपण सुज्ञ आहात’ वाचलं की लगेच कळतं की इथे काहीतरी खटकलंय. पुढची चौकशी तो स्वतःहून करतो. जिन्यात भेटल्यावर ‘काकू, कसला आवाज येतो हो?’ म्हणून विचारतो. म्हणजे चिठ्ठीने फक्त दार वाजवायचं, बाकीचं बोलणं तोंडी, असा तो मामला असतो. ज्याला ही रीतच माहीत नाही त्याला त्यात निव्वळ आपुलकी दिसली, आणि आपुलकीची परतफेड त्याने चहाने केली. माझ्या मते त्याचं अगदी बरोबर होतं.

इंग्रजी चिठ्ठीची वेळ आली ती अशी. काकू म्हणाल्या, ‘अगं, तूच लिही आता. पण माझ्याच नावाने. सोसायटीचं नको.’

हे त्यांचं म्हणणं फार मोलाचं होतं. सोसायटीच्या दृष्टीने भाडेकरू हा सभासद नसतो. उपविधींत शेजाऱ्याला उपद्रव होईल असं वागू नये हा नियम आहे, पण तो सभासदाला बांधतो. त्यामुळे सोसायटीचं पत्र जातं फ्लॅटच्या मालकाला. आमच्या इथले मालक दुसऱ्या गावी. त्यांना पत्र गेलं की ते एजंटला फोन करणार, एजंट त्या मुलाला म्हणणार, ‘तुमची कम्प्लेंट आली आहे.’ एवढ्या तीन माणसांतून जाताना खुर्ची, चाकं, वेळ सगळं गळून पडतं आणि ‘कम्प्लेंट’ तेवढी पोचते. डिपॉझिट अडकलेलं, करार जेमतेम अकरा महिन्यांचा; त्या मुलाला ती घर सोडायची सूचनाच वाटणार. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण बऱ्याच सोसायट्यांसारखा आमचाही ग्रुप मालकांचा आहे. भाडेकरूविषयी तिथे चार दिवस चर्चा चालते आणि ज्याच्याविषयी चालते तो तिथे नसतो.

पण लिहायचं काय? ‘वरून आवाज येतो’ हे इंग्रजीत लिहूनही उपयोग नव्हता. म्हणून मी काकूंना विचारत बसले: कसला आवाज? त्यांनी कालनिर्णयची पानं काढली. मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, त्यांनी पेन्सिलीने नोंदी केल्या होत्या. ‘११.४० घरघर’, ‘१.१० ठक्’, ‘२.०५ घरघर, बराच वेळ’, ‘३.३० शांत’. बरेच दिवसांच्या नोंदी होत्या. त्यात एक गोष्ट लगेच दिसली. ऑक्टोबरभर शांतता व्हायची ती साडेतीनला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ती साडेचारला व्हायला लागली, रोजच.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे त्या मुलाची पाळी तीच, पण आपल्या घड्याळाने एक तास पुढे सरकलेली. काकू रोज साडेचारला उठतात. ऑक्टोबरपर्यंत त्यांना साडेतीन ते साडेचार असा एक तरी सलग झोपेचा तास मिळत होता, नोव्हेंबरमध्ये तोही गेला. त्रास अचानक का वाढला याचं उत्तर त्या पेन्सिलीच्या नोंदींत होतं. मुलाचं वागणं काडीचंही बदललेलं नव्हतं.

मग एका रात्री मी काकूंच्या बेडरूममध्येच झोपायला गेले. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं होतं. घरघर सुरू झाली की झोप उडेल इतकी स्पष्ट ऐकू येत होती, पण ॲपवरचा आकडा जेमतेम हलला. याचं कारण आहे. कायद्याने राहत्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत. पण ती मोजतात काही काळाच्या सरासरीने, आणि मोजण्याची पद्धत खर्जातल्या आवाजाला कमी भाव देते. स्लॅबमधून येणारा आवाज नेमका खर्जातला आणि तुटक. पाच सेकंद घरघर, दोन मिनिटं काही नाही, पुन्हा तीन सेकंद. सरासरीत तो विरून जातो. झोपलेल्या माणसाला मात्र सरासरीने नव्हे, त्या पाच सेकंदांनीच जाग येते. लाउडस्पीकर, डीजे, फटाके यांच्यासाठी ते नियम कामाचे आहेत, पोलिसांना ११२ वर फोन करता येतो. खुर्चीसाठी ते नाहीत. तिथे माणसामाणसांतच बोलावं लागतं.

त्याच रात्री दुसरी गोष्ट कळली. काकूंच्या नोंदींतला तो ‘ठक्’. त्या म्हणायच्या, ‘वजनं आपटतो बहुतेक, व्यायाम करतो.’ सव्वाएकच्या सुमाराला तो आला. एकदाच, दणकट, भिंतीतून. आणि त्याच्या आधी कितीतरी वेळ चालू असलेली एक बारीक गुणगुण त्या क्षणी बंद झाली. ती गुणगुण होती आमच्या पाण्याच्या पंपाची. आमचे वॉचमनदादा रात्री गच्चीवरची टाकी भरायला पंप लावतात. पंप बंद केला की वर चढलेलं पाणी पाइपातून खाली यायला बघतं आणि त्याला अडवायला बसवलेल्या व्हॉल्व्हची झडप धाडकन मिटते. प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतात. झडप झिजली असेल तर ती उशिरा मिटते, तोवर पाण्याने वेग घेतलेला असतो, म्हणून दणका मोठा. आमचा पाइप काकूंच्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवरून जातो आणि त्याच्या दोन पकडी सैल झालेल्या होत्या. सगळा दणका भिंतीला.

हा आवाज सोसायटीचा होता. तो त्या मुलाच्या नावावर लिहून पाठवला असता तर त्याने मनापासून, प्रामाणिकपणे ‘मी काही आपटत नाही’ असं सांगितलं असतं, आणि मग खुर्चीचंही कुणाला खरं वाटलं नसतं. काँक्रीटच्या इमारतीत आवाजाचा उगम कानाने ठरवणं अवघड असतं. खांब आणि तुळयांतून तो तिरका, दोन घरं पलीकडेही जातो. ओळखायची साधी रीत एवढीच की आवाजाच्या आधी आणि नंतर काय होतं ते ऐकायचं. खुर्चीची घरघर सुरू होते आणि हळूहळू थांबते, मध्ये पावलं ऐकू येतात. झडपेचा दणका एकदाच, आणि त्यानंतर एकदम शांत.

आता चिठ्ठी. इंग्रजीत लिहायला बसलं की आपल्याकडे हात आपोआप ऑफिसच्या वळणावर जातो. ‘रिस्पेक्टेड सर’, ‘यू आर रिक्वेस्टेड टू’, ‘काइंडली डू द नीडफुल’. मराठीतली आदरार्थी वाक्यं तशीच्या तशी इंग्रजीत नेली की ती नोटिशीसारखी वाजतात, कारण आपल्या देशात अनोळखी माणसाकडून इंग्रजीत कागद येतो तो बँकेचा, वकिलाचा नाहीतर सोसायटीचाच. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाने असा कागद दारात पाहिला तर आधी पोटात गोळा येतो, मजकूर नंतर वाचला जातो. म्हणून मी काकूंना म्हटलं, तुम्ही माझ्याशी जसं बोलता तसं सांगा, मी तेच इंग्रजीत लिहिते. छोटी वाक्यं, ‘आम्ही’ऐवजी ‘मी’, आणि कागद साधा, वहीचा. त्या इंग्रजी चिठ्ठीत लिहिलं होतं ते असं:

मी तुमच्या खालच्या घरात राहते. रात्री साडेअकरानंतर चाकांच्या खुर्चीचा आवाज माझ्या बेडरूमच्या छतातून येतो. तुमचं टेबल माझ्या पलंगाच्या बरोबर वर, खिडकीपाशी असावं. एकदा जाग आली की मला पुन्हा झोप लागत नाही. तुम्ही रात्री काम करता हे मला माहीत आहे आणि ते करू नका असं मी म्हणत नाही. वर हा आवाज तुम्हाला जाणवतही नसेल. टेबल दुसऱ्या खोलीत हलवता येईल का, किंवा खुर्चीखाली काही जाड घालता येईल का? दुपारी खाली या, चहा घेऊ, आवाज कसा येतो ते तुम्हाला ऐकवते. ही सोसायटीची नोटीस नाही. घरमालकांना मी काही कळवलेलं नाही.

शेवटची दोन वाक्यं मी आग्रहाने घातली. काकूंना ती उगाच वाटत होती; त्यांच्या मते शेजाऱ्याच्या चिठ्ठीत मालकाचा विषय काढणंच बरं नव्हे. पण भाडेकरूच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच असतो. त्याचं उत्तर कागदावर मिळालं की तो बाकीचं शांतपणे वाचू शकतो.

तो दुसऱ्याच दिवशी दुपारी आला. मीही होते. आधी त्याला पटेना. त्याच्या घरात खुर्ची अगदी हळू सरकते. तेव्हा मी वर जाऊन खुर्ची मागेपुढे केली आणि त्याला काकूंच्या पलंगापाशी उभं राहायला सांगितलं. खाली आले तर तो छताकडे बघत होता. मग त्याने सांगितलं की तो वाढला ते घर बैठं होतं. त्याच्याकडे अजून पुष्कळ जुनी घरं तशी असतात, भूकंपाच्या भीतीने हलकी बांधलेली, लाकडाच्या सांगाड्याच्या आणि बोरू-बांबूवर लिंपलेल्या भिंतींची, वर पत्रा. पायाखाली जमीन असते, कुणाचं छत नसतं. आपल्या फरशीच्या उलट्या बाजूला कुणी झोपलेलं आहे हा विचार त्याने कधी करायचा?

उपाय आम्ही तिथेच करून पाहिले. आधी काकूंची सतरंजी खुर्चीखाली घातली. चाकांचा खडखडाट कमी झाला, पण खालची घुमती घरघर राहिली. पातळ कापड फरशीच्या सांध्यांवरचा कर्कश भाग खातं, वजनाचा धक्का खात नाही. मग सतरंजीखाली जाड रबरी मॅट, जिममध्ये घालतात तसली. बराच फरक पडला. त्याने पुढे खुर्चीची कडक प्लास्टिकची चाकंही बदलून मऊ रबरासारखी घेतली. पण सगळ्यात जास्त फरक पडला तो टेबल हॉलमध्ये नेल्याने. काकूंचा हॉल रात्री रिकामाच असतो. वाय-फायचा राउटर बेडरूममध्ये होता म्हणून टेबल तिथे होतं, एवढंच त्यामागचं कारण. एक लांब वायर घेतली आणि काम झालं.

पावलांचे आवाज राहिले. रात्री दोनला तो स्वयंपाकघरात जातो ते काकूंना कळतं. पायात मऊ स्लिपर घाल म्हणून सांगितलं, घालतो. त्यापलीकडे पाच इंची स्लॅबचं घर काही करू देत नाही. आवाज पुरता घालवायचा तर वरची फरशी काढून खाली लवचीक थर द्यावा लागेल. भाड्याच्या घरात ते कोण करणार, आणि का करावं? काकूंना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. आवाज बंद होईल अशा आशेने तक्रार केली की निम्मा कमी झाला तरी फसल्यासारखं वाटतं.

मॅनेजिंग कमिटीत मी पंपाचा विषय घेतला. एनआरव्ही बदलला, पाइपाच्या पकडी रबर घालून घट्ट केल्या, आणि पंप रात्री दहाच्या आत लावायचा ठरला. पाण्याची वेळ बदलली की तो नियम मोडतो, मग काकूंचा मला फोन येतो.

त्या दुपारी चहा झाल्यावर मुलगा जरा घुटमळला. काकू म्हणाल्या, ‘बोल ना.’ मग त्याने विचारलं, सकाळी सातच्या सुमाराला खालून एक मोठा आवाज येतो, तो कसला? तो पाचला झोपतो. काकूंचा मिक्सर. कडप्प्याचा ओटा भिंतीत बसवलेला, त्यावर मिक्सर, आणि ती भिंत वरपर्यंत सलग. त्याची पलंगाची उशी त्याच भिंतीला. काकूंनी इतके महिने हे ऐकवलं होतं आणि त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्याला वाटलं, सकाळ झाली म्हणजे आवाज करायचा हक्क झाला. कायदाही तेच म्हणतो. काकू मात्र लगेच उठल्या. मिक्सरखाली घालायला दुहेरी गोणपाट काढलं, आणि चटणी आता अकरानंतर वाटायची असं ठरवून टाकलं. सकाळच्या पूजेच्या घंटेचं विचारलं तर तो म्हणाला, ती ऐकू येत नाही. येणारच नव्हती, घंटा हातात असते, भिंतीला टेकलेली नसते.

त्याचा करार मेमध्ये संपतो. मालकांनी वाढवायचं म्हटलंय. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुन्हा एक तास पुढे जातील, तेव्हा त्याची पाळी आपल्याकडच्या साडेतीनला संपेल. हे त्याने स्वतः काकूंच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलंय, मार्चच्या पानावर, इंग्रजीत.